तीळ कानानं भाजा, खोबरं डोळ्यानं

तीळ-खोबऱ्याची कोरडी चटणी कडवट लागली, चिकट झाली किंवा आठ दिवसांत खवट वास यायला लागला, तर कारण शोधायला फार लांब जायला नको. ते कढईतच सापडतं. या चटणीत शिजवायचं असं काही नाही, फोडणी नाही, वाटण नाही. सगळी चव भाजण्यातूनच येते. म्हणून ज्यांची मजल आजवर कुकर आणि पोह्यांपर्यंतच गेली आहे, त्यांच्यासाठी फक्त भाजण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

इंदूरला आमच्या रामबागेत नोकरीसाठी आलेली मुलं खोली करून राहतात. कोणी जळगावचा, कोणी अमरावतीचा. थंडी पडली की घरची आठवण येते आणि आईला फोन लावून चटणी करायला घेतात. आई सांगते, "मंद आचेवर खरपूस भाज." मग मुलगा माझ्या दारात. "मामी, मंद म्हणजे किती? आणि खरपूस झालं हे कळणार कसं?" प्रश्न अगदी रास्त आहे. आईच्या हाताला जे सवयीनं कळतं ते फोनवर सांगता येत नाही, पण कढईसमोर उभं राहून दाखवता येतं आणि बरंचसं लिहिताही येतं.

आधी सामान

शंभर ग्रॅम तीळ आणि शंभर ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा कीस घ्या. पहिल्यांदा करताना याहून जास्त घेऊ नका. दोन माणसांना दहा-पंधरा दिवस पुरेल इतकी चटणी होते आणि बिघडलीच तर जीव हळहळत नाही.

सियागंजच्या बाजारात जा किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, इथे तिळाला 'तिल्ली' म्हणायचं. दुकानदार लगेच विचारेल, "भिया, धुली दूँ के सादी?" धुली म्हणजे साल काढलेली, पांढरीशुभ्र. सादी म्हणजे सालासकट, मळकट रंगाची. चवीला मला सालासकटची जास्त आवडते, ती भाजल्यावर अंगचा वेगळाच खमंगपणा येतो. पण नवख्या माणसानं पहिल्यांदा धुलीच घ्यावी, कारण पांढऱ्या दाण्यावर रंग चढताना दिसतो. सालीच्या तिळावर तो मुळातच मळकट असल्यामुळे फसगत होते. घेण्याआधी चार दाणे तोंडात टाकून चावून बघा. कच्चा तीळ किंचित गोडसर, दुधाळ लागतो. जिभेवर कडवट किंवा जुन्या तेलासारखी चव आली तर ते तीळ शिळे आहेत, कितीही निगुतीनं भाजले तरी सुधारणार नाहीत.

खोबऱ्याचं थोडं सांभाळून. महाराष्ट्रात आपल्याला खोबऱ्याच्या वाट्या घ्यायची सवय असते, इथे बहुतेक दुकानांत अख्खा गोळा मिळतो. गोळ्याचं पोट आतून कसं आहे ते बाहेरून कळत नाही, म्हणून दुकानदाराला फोडून दाखवायला सांगा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. आतून पांढरं किंवा अगदी फिकट मोतिया हवं. पिवळट झाक म्हणजे खवटपणाची सुरुवात, आणि हिरवे-काळे ठिपके असले तर तो भाग कापून उरलेलं वापरू असा विचारही करू नका, पूर्ण गोळा परत द्या. नीट सुकलेलं खोबरं मोडताना कटकन आवाज करतं. वाकून मग तुटलं तर त्यात अजून ओल आहे.

आणि एक. "खोपरा बूरा" म्हणून जी बारीक पूड पाकिटात मिळते, ती भाजायच्या कामाची नाही असं नाही, पण शिकण्याच्या कामाची नक्कीच नाही. ती इतकी बारीक आणि कोरडी असते की मिनिटभरात रंग बदलते आणि हात चालेपर्यंत करपते. शिवाय इथे नुसतं "बूरा" म्हटलंत तर हातात पिठीसाखर पडेल.

निवडणं आणि किसणं

पांढऱ्या ताटात तीळ पसरून ताट थोडं तिरकं करा आणि बोटांनी हलकेच टिचक्या मारा. तीळ घरंगळत खाली जातात, काडीकचरा आणि खडे मागे राहतात. दाताखाली कचकच लागली तर मात्र रोळावे लागतात. भांड्यात पाणी घेऊन तीळ टाकायचे, हातानं ढवळायचे आणि वरचेवर ओंजळीनं चाळणीत काढायचे. रेती तळाशी राहते. असे धुतलेले तीळ सुती कापडावर पसरून पूर्ण वाळवायलाच हवेत. इंदूरच्या थंडीतल्या कोरड्या हवेत पंख्याखाली एका दुपारी वाळतात, पावसाळ्यात या फंदात पडू नका. ओले तीळ कढईत टाकले तर आधी वाफेवर शिजतात, चिकटतात आणि मग भाजतात, तेही एकसारखे नाहीत.

खोबऱ्याची पाठ तपकिरी असते. ती चटणीत चालते, पण रंग ओळखायला शिकत असाल तर सुरीनं खरवडून टाका. नाहीतर किसात तपकिरी तुकडे आधीपासूनच दिसतात आणि कुठला रंग सालीचा, कुठला भाजल्याचा, हे कळेनासं होतं. किसणीची मधली भोकं वापरा. अगदी बारीक भोकांनी भुगा पडतो, मोठ्या भोकांनी जाड सळ्या पडतात ज्या वरून भाजतात आणि आतून कच्च्या राहतात. किसून झाल्यावर शेवटी बोटं वाचवताना जे जाड तुकडे उरतात ते किसात मिसळू नका, तसेच खाऊन टाका.

आता एक काम, जे बहुतेक जण करत नाहीत. कीस पिठाच्या चाळणीतून एकदा हलकेच झटकून घ्या. खाली जो भुगा पडेल तो वाटीत वेगळा ठेवा. हा भुगा कढईच्या तळाशी जाऊन बसतो आणि कीस सोनेरी होण्याआधी स्वतः काळा होतो, मग सगळ्याला करपट वास लावतो. त्याला शेवटी घालायचं, कसं ते पुढे सांगते.

कढई आणि आच

जाड बुडाची लोखंडी कढई सगळ्यात बरी, साधारण नऊ-दहा इंच रुंद. पातळ ॲल्युमिनियमची असेल तर जिथे आच लागते तिथेच तापते आणि कडेचे तीळ थंडगार राहतात. जाड बुडाचं स्टील चालेल. खोलगट असलेली बरी, कारण तीळ उडतात.

आता मंद म्हणजे किती. गॅसचा लहान बर्नर घ्या, मोठा नको. बटण सगळ्यात कमी करा आणि खाली वाकून बघा. निळ्या ज्योतीची टोकं कढईच्या बुडाला टेकता कामा नयेत, मध्ये थोडी जागा दिसली पाहिजे. ज्योत बुडाला चाटत असेल तर ती मंद आच नव्हे. रिकामी कढई अशा आचेवर दोन मिनिटं ठेवा, मग तळापासून वीतभर उंचीवर तळहात धरा. हाताला ऊब लागली पाहिजे, पण हात मागे घ्यावासा वाटता कामा नये. अजून खात्री हवी असेल तर तिळाचे चार दाणे टाका. टाकल्याबरोबर तडतडून उडाले तर कढई जास्त तापली आहे. गॅस बंद करा, थोडी निवू द्या.

एवढी मंद आच का, हे एकदा समजलं की हात आपोआप आवरतो. तिळाचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं असतं आणि खोबऱ्यात तर त्याहूनही जास्त तेल असतं. शिवाय दोन्हीत थोडी ओल असते. भाजताना आधी ही ओल निघून जायला हवी, मगच आतला गर कुरकुरीत होतो आणि खमंग वास तयार होतो. आच मोठी असली तर वरची बाजू रंगते पण ओल आतच राहते. दिसायला भाजलेलं, चावलं तर कच्चं, असा प्रकार होतो. आणि ही ओल आत राहिलेली चटणी पुढे लवकर मऊ पडते आणि लवकर खवटते.

तीळ: सात-आठ मिनिटांचं काम

भाजायच्या आधी चिमूटभर कच्चे तीळ पांढऱ्या बशीत ओट्यावर ठेवा. हे तुमचं मोजमाप. काळ्या कढईत पांढरे तीळ नेहमी आहेत त्यापेक्षा उजळ दिसतात, त्यामुळे कढईत बघून रंग ठरवाल तर हमखास पुढे जाल. रंग बघायचा तेव्हा पाच-सहा दाणे चमच्यानं काढून त्या कच्च्या तिळांशेजारी टाकायचे. रात्रीच्या पिवळ्या दिव्याखालीही असाच घोटाळा होतो, सगळंच बदामी दिसतं. जमलं तर सकाळी, खिडकीजवळ करा.

शंभर ग्रॅम तीळ एकदम घालायला हरकत नाही, अर्ध्या पेराहून जाड थर होता कामा नये. लाकडी उलथनं घ्या, ज्याचं टोक सपाट आहे असं. गोल चमच्यानं तळ खरवडला जात नाही. पहिली दोन-तीन मिनिटं फार घाई नको. कडेचे तीळ मधे आणायचे, मधले कडेला ढकलायचे, तळापासून उलटायचे. या वेळात काहीच होत नाहीये असं वाटतं. रंग तसाच, वास नाही, आवाजही कोंदट. नवखे इथेच कंटाळून आच वाढवतात. वाढवू नका.

तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला उलथन्याला फरक कळायला लागतो. तीळ हलके होतात, एकमेकांपासून सुटे पळतात, आणि उलथनं फिरवलं की खळखळ असा कोरडा आवाज येतो. आधीच्या कोंदट आवाजापेक्षा हा वेगळा ओळखू येतो. जरा झुकून बघितलं तर दाणे थोडे फुगलेले दिसतील, आधी चपटे होते ते आता गुबगुबीत. आतली ओल वाफ होऊन बाहेर पडायची वाट शोधत असते.

मग पहिला 'तट्' ऐकू येतो. एखादा दाणा उडतो. या क्षणापासून हात थांबवायचा नाही, फोन घ्यायचा नाही, दार वाजलं तरी गॅस बंद केल्याशिवाय जायचं नाही. आवाज वाढत जातो आणि सगळीकडून तुरळक तडतड सुरू होते. ती तुरळकच असली पाहिजे. एकदम फटाफट फुटून तीळ कढईबाहेर उड्या मारायला लागले तर आच जास्त आहे. अशा वेळी झाकण ठेवायचा मोह होतो, पण झाकणानं वाफ कोंडते आणि तीळ पुन्हा सादळतात. कढई सरळ आचेवरून उचला, अर्धा मिनिट हातातच धरून ढवळा आणि मग परत ठेवा.

तडतड सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन मिनिटांत ती ओसरायला लागते, आणि याच सुमारास वास येतो. सुरुवातीचा वास नुसता उबदार, पिठूळ असतो, तो नाही. त्याच्यानंतर एक भरीव खमंग वास येतो जो स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसालाही कळतो. आता चाचणी घ्या. चार-पाच दाणे बशीत काढा, दहापर्यंत आकडे मोजा म्हणजे बोट भाजणार नाही, आणि अंगठा नि तर्जनीमध्ये चुरडा. दाणा सहज मोडून कोरडा भुगा झाला तर तीळ झाले. नुसता चपटा होऊन बोटाला चिकटला तर अजून मिनिटभर हवं.

रंगाचं म्हणाल तर धुलीच्या तिळाचा पांढरा रंग जाऊन मोतिया, आणि त्यावर किंचित बदामी झाक एवढंच पुरे. बशीतल्या कच्च्या तिळांशेजारी ठेवले की फरक दिसला पाहिजे, पण लांबून बघताना फार वाटता कामा नये. ठळक बदामी दिसायला लागले की तुम्ही काठावर आहात. तांबूस झाले की कडू झालेच म्हणून समजा. तिळाचा कडवटपणा कशानंही झाकला जात नाही, गुळानंही नाही. म्हणूनच म्हणते, तिळाच्या बाबतीत कान आणि बोट आधी, डोळा नंतर.

याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे काळे तीळ. त्यांचा रंग बदललेला कुणालाच दिसत नाही, तरी ते भाजावे लागतातच. तिथे युक्ती अशी, की त्यात चमचाभर पांढरे धुलीचे तीळ मिसळायचे. पांढऱ्यांनी रंग धरला की गॅस बंद.

झाले की लगेच स्टीलच्या ताटात किंवा परातीत ओता आणि पातळ पसरा. "गॅस बंद केला, आता कढईतच निवतील" हा विचार सगळ्यात महागात पडतो. लोखंडी कढई बंद गॅसवरही बराच वेळ तापलेली असते आणि दोन मिनिटांत मोतियाचे तांबूस करून ठेवते. ताट गॅसजवळ आधीच काढून ठेवलेलं असावं, तीळ झाल्यावर शोधत बसायचं नाही.

खोबरं: इथे चाल उलटी

कढई कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. तळाशी चिकटलेले दोन-चार तीळ राहिले तर तेच आधी करपतात. पुसताना कढई थोडी निवते, ते चांगलंच आहे, कारण खोबऱ्याला तिळापेक्षाही कमी आच लागते.

शंभर ग्रॅम कीस दिसायला ढीगभर असतो. दोन वेळा करून भाजा, पन्नास-पन्नास ग्रॅम. एकदम घातला तर वरचा कच्चा आणि खालचा काळा, आणि ढवळायला जागाच राहत नाही.

ढवळायची पद्धतही वेगळी. तिळाला तळ खरवडत फिरवायचं होतं, किसाला उचलून खाली सोडायचं. उलथनं तळाशी घालायचं, कीस वर उचलायचा आणि मोकळा होऊन पडू द्यायचा. दाबायचा नाही. दाबला की तेल सुटतं, कीस गोळा होतो आणि मग त्या गोळ्याच्या आत आच पोचत नाही. सुरुवातीपासूनच हात चालता ठेवायचा, इथे तिळासारखी पहिली तीन मिनिटं निवांत नसतात.

पहिल्या मिनिटात कीस थोडा मऊ पडल्यासारखा वाटेल, कढईवर हलकी वाफही दिसेल. ती ओल आहे, जाऊ द्या. दुसऱ्या मिनिटाला कीस हलका होतो आणि त्याला सुटा, कोरडा स्पर्श येतो. मग रंग सुरू होतो, आणि तो सगळीकडे एकदम येत नाही. आधी सळ्यांची टोकं सोनेरी होतात, मधला भाग पांढराच असतो. हे दृश्य नीट बघून ठेवा, कारण इथून पुढे गाडी वेगानं धावते. टोकं सोनेरी व्हायला जर तीन मिनिटं लागली असतील तर सगळा कीस सोनेरी व्हायला एकच मिनिट लागेल, आणि सोनेरीचा तपकिरी व्हायला त्याहूनही कमी. खोबऱ्यात साखर असते, किसाच्या सळ्या पातळ असतात, आणि त्याचं स्वतःचंच तेल गरम होऊन त्याला बाहेरून तळत असतं. म्हणून याला आवाज नाही, इशारा नाही. फक्त रंग.

तर ठरवून ठेवायचं ते असं. कढईकडे वरून बघितलं आणि तीन सळ्यांपैकी दोन फिकट सोनेरी, एक अजून पांढरट, असं दिसलं की गॅस बंद. सगळ्या सोनेरी होईपर्यंत थांबायचं नाही. गॅस बंद करून बाजूला ठेवलेला भुगा आता घालायचा, नुसत्या कढईच्या धगीवर पंधरा-वीस सेकंद उलथापालथ करायची आणि ताटात ओतायचं. तेवढ्या धगीत भुगाही भाजतो आणि राहिलेली तिसरी सळीही. ताटात पसरल्यावरही रंग किंचित चढतो, त्याची सोय आधीच धरलेली आहे.

इथे एक गोष्ट नवख्यांना हमखास फसवते. गरम कीस हातात घेतला तर मऊ लागतो. माणसाला वाटतं, भाजलाच नाही, आणि तो परत कढईत घालतो. गरम खोबरं मऊच असतं. त्याची चाचणी गरम असताना होत नाही. चिमूटभर कीस बशीत काढून मिनिटभर निवू द्या आणि मग चुरडा. कुरकुरीत मोडला की झालं. निवल्यावरही लवचिक राहिला, दातात चिवट लागला, तरच परत कढईत, आणि तोही अगदी मंद आचेवर मिनिटभर.

दुसरी खेप घालताना कढई तापलेली असते, त्यामुळे ती पहिलीपेक्षा मिनिटभर आधी होते. पहिलीला चार-साडेचार मिनिटं लागली तर दुसरीला तीन-साडेतीन. घड्याळ बघून केलेली दुसरी खेप करपल्याचे किस्से मी बरेच ऐकलेत. आमच्याकडच्या एका मुलानं फोनवर गजर लावून खोबरं भाजलं होतं, पहिली खेप सुरेख, दुसरी थेट डस्टबिनमध्ये. आणि इंदुरात डस्टबिनही वेगळं, म्हणून ओल्या कचऱ्याचं टाकायचं की सुक्याचं, यावर दोघा रूममेटांत वाद.

दोन्ही एकत्र भाजू नये का?

दरवेळी कोणी ना कोणी हे विचारतंच. एकत्र भाजले तर तिळाची तडतड सुरू होईपर्यंत खोबरं तांबूस होऊन बसतं, आणि खोबऱ्याचा रंग बघून थांबलात तर तीळ कच्चे राहतात. शिवाय किसाच्या जाळ्यात तीळ अडकतात आणि तळाला पोचतच नाहीत. म्हणून वेगवेगळं. घाईच असेल तर तीळ आधी जवळजवळ पूर्ण भाजा, तडतड ओसरली की त्यात कीस घाला. पण हे हात बसल्यावर.

चटणीपर्यंत

पुढचं सोपं आहे. दुसऱ्या खेपेचा कीस ताटात ओतला की तो गरम असतानाच त्यावर दोन चमचे तिखट आणि चमचाभर भाजलेलं जिरं घालून हलवा. किसाच्या उष्णतेनं तिखटाचा कच्चेपणा जातो आणि रंगही खुलतो. तिखट कढईत घालू नका, क्षणात काळं पडतं आणि ठसक्यानं घर सोडायची वेळ येते.

मग सगळं पूर्ण गार होऊ द्या. पूर्ण म्हणजे ताटाच्या मध्यभागी हात घातला तर ऊब लागता कामा नये. कोमट असताना मिक्सरला लावलं तर पात्याच्या घर्षणानं तिळाचं नि खोबऱ्याचं तेल सुटतं आणि चटणीऐवजी पेस्ट हाती येते. आधी तीळ, दोन-तीन सेकंदांचे तीन-चार झटके. मग खोबरं, मीठ आणि अर्धा चमचा साखर घालून आणखी दोन झटके. सलग फिरवायचं नाही. तीळ अर्धवट मोडलेले आणि काही अख्खे दिसले पाहिजेत. काचेची बरणी कोरडी करकरीत असावी, ओला चमचा घालू नये. थंडीत बाहेर पंधरा दिवस आरामात राहते. पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि थोडीथोडीच करा.

झाकणाबद्दल तेवढं ध्यानात असू द्या. गरम तीळ किंवा कीस डब्यात भरून झाकण लावलं की आत दव धरतं, आणि एवढं निगुतीनं काढलेलं पाणी परत त्यातच जातं.

बिघडलंच तर

तीळ कमी भाजले असतील तर दुसऱ्या दिवशीही परत कढईत घालता येतात, काही बिघडत नाही. फक्त दुसऱ्यांदा वेळ कमी लागतो, तडतडीची वाट बघत बसू नका, ती पहिल्यासारखी होणार नाही. चुरडून बघा आणि उतरवा. दळून झालेली चटणी मात्र परत भाजू नका, पूड लगेच करपते.

तीळ थोडे कडवट झाले आणि कच्चे तीळ शिल्लक असले, तर त्यात चांगले भाजलेले मिसळून भागवता येईल असं वाटतं. भागत नाही. कडू तीळ मूठभर असले तरी सगळ्या बरणीत जाणवतात. ते सोडून द्यावेत.

खोबऱ्याचं तसं नाही. कीस सोनेरीच्या पुढे जाऊन तपकिरी झाला, पण काळा झालेला नाही आणि धुराचा वास येत नाही, तर तो या चटणीसाठी गेला, पण कामातून गेला नाही. काळ्या मसाल्यासाठी खोबरं असंच गडद भाजतात. डबीत भरून ठेवा आणि त्याच आठवड्यात कांद्याबरोबर वाटून उसळीच्या किंवा वांग्याच्या रश्श्यात घाला. तिथे तो तपकिरी रंग हवाच असतो.